ग्रिल आतून उघडले पाहिजे

फ्लॅटच्या खिडकीला ग्रिल बसवण्यामागे सहसा दोन धास्ती असतात. बाहेरून चोर आत येऊ नये ही एक, आणि घरातले लहान मूल खिडकीतून खाली पडू नये ही दुसरी. या दोन्ही कामांना घट्ट, न हलणारे ग्रिल उत्तम. पण आग मुख्य दाराच्या बाजूला लागली आणि जिना धुराने भरला, तर तीच खिडकी घरातल्या माणसांची शेवटची वाट असते. जे ग्रिल चोराला आत येऊ देत नाही ते त्या वेळी घरातल्यांना बाहेर पडू देत नाही आणि अग्निशमन दलाच्या जवानालाही आत येऊ देत नाही. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीला पहाटे आग लागली आणि ४३ जणांचा बळी गेला. त्या इमारतीच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या आणि आत शिरण्यासाठी जवानांना त्या कापाव्या लागल्या. तो कारखाना होता, घर नव्हे. पण तिथल्या जाळीत आणि मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटच्या जाळीत फारसा फरक नसतो.

महाराष्ट्रातल्या शहरांत तीन प्रकारचे ग्रिल दिसतात. भिंतीच्या जाडीत, खिडकीच्या काचेबाहेर सपाट बसते ते फ्लश ग्रिल. भिंतीबाहेर फूट-दीड फूट पुढे आलेले ते बॉक्स ग्रिल. त्यात कुंड्या, बादल्या, जुने डबे आणि कधी कधी एसीचे बाहेरचे युनिटही ठेवलेले असते. तिसरे अलीकडे आलेले, इनव्हिजिबल ग्रिल म्हणून विकले जाणारे: प्लास्टिकचे वेष्टण असलेल्या स्टीलच्या बारीक तारा, दोन-तीन इंचांच्या अंतराने ताणून अॅल्युमिनियमच्या पट्टीत अडकवलेल्या. तारांचे ग्रिल मुलांना आणि मांजरांना पडण्यापासून वाचवते, पण चांगल्या कटरपुढे ते टिकत नाही, त्यामुळे चोरासाठी त्याचा उपयोग बेताचा. आगीच्या वेळी मात्र हाच दुबळेपणा कामी येतो. कटर खिडकीजवळच टांगलेला असेल तर चार-पाच तारा कापून वाट करता येते. कटर माळ्यावर असेल तर तेही ग्रिल बंदच समजावे.

बॉक्स ग्रिलविषयी मत स्पष्ट असावे: सुटकेच्या दृष्टीने ते सर्वांत वाईट. त्यात सामान साठते, उघडणारा भाग केला तरी तो सामानामागे दडतो आणि भिंतीबाहेर आलेल्या भागाला सोसायटी किंवा महापालिका हरकत घेऊ शकते. पुढचे सगळे विवेचन म्हणूनच फ्लश ग्रिलला धरून आहे.

उघडणाऱ्या ग्रिलचा उपयोग मजल्याप्रमाणे बदलतो. पहिल्या मजल्यावरून किंवा छज्ज्यावर उतरता येईल अशा ठिकाणाहून माणूस खरोखर बाहेर पडू शकतो. त्याच्यावर खिडकीतून उडी मारणे हा मार्गच नाही. तिथे उघड्या ग्रिलचा अर्थ असा, की शिडीवरून आलेल्या जवानाला माणूस बाहेर काढता येतो आणि तोवर आतल्या माणसाला डोके व खांदे बाहेर काढून श्वास घेता येतो. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे, पण ती उभी करायला इमारतीजवळ मोकळी आणि पक्की जागा लागते. म्हणून उघडणारा भाग रस्त्याच्या किंवा आवारातल्या मोकळ्या जागेच्या बाजूला असलेल्या खिडकीला आधी हवा. डक्टकडे तोंड असलेल्या खिडकीला तो केला तर खर्च वाया जातो. बहुमजली इमारतीत जिना आणि रिफ्यूज एरिया याच सुटकेच्या पहिल्या वाटा, खिडकी त्यानंतरची. तरीही प्रत्येक झोपायच्या खोलीत अशी एक खिडकी असावी, कारण झोपेत धूर भरतो तेव्हा खोलीच्या दारापलीकडे जाता येईलच असे नसते.

उघडणारा भाग किती मोठा हवा, हे ग्रिलवाल्याला विचारले तर तो बहुधा दीड फूट बाय दीड फूट सांगतो, कारण एवढाच तुकडा त्याला सोपा जातो. एवढ्या भोकातून शिडीवरच्या जवानाने, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन, आत शिरणे अवघड. हाताशी धरण्याजोगे माप अमेरिकेच्या घरबांधणी संहितेत आहे. झोपायच्या खोलीतल्या सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा किमान २० इंच रुंद आणि किमान २४ इंच उंच हवी, आणि एकूण क्षेत्रफळ ५.७ चौरस फूट हवे. यातली मेख लक्षात घ्यावी: २० बाय २४ इंच म्हणजे जेमतेम ३.३ चौरस फूट. दोन्ही मापे किमान ठेवून भागत नाही, एक तरी बरेच वाढवावे लागते. दोन फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच अशी जागा हिशेबात बसते. तीच संहिता सांगते की या जागेची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नसावी, आणि तिच्यावर जाळी असेल तर ती आतून किल्लीशिवाय, हत्याराशिवाय उघडली पाहिजे.

इथे एक चूक फार वेळा होते, आणि ती ग्रिलमध्ये नसून खिडकीत असते. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटांत सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. काचेचे दोन पल्ले एकमेकांमागे सरकतात, त्यामुळे एका वेळी खिडकीचा निम्माच भाग मोकळा होतो. मच्छरदाणीचा तिसरा पल्ला असला तरी हिशेब तोच. ग्रिलचा उघडणारा भाग खिडकीच्या मधोमध ठेवला की त्याच्या अर्ध्या भागासमोर काच उरते आणि दोन फुटांची वाट एका फुटाची होते. दिसायला मधोमध चांगले दिसते म्हणून असे करणारे कारागीर कमी नाहीत. उघडणारा भाग एका कडेला, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या भागासमोर घ्यायचा. आणि तो त्या कडेला घ्यायचा जिथे पलंग, कपाट किंवा अभ्यासाचे टेबल आड येत नाही.

पल्ला कसा उघडावा, यातही पर्याय आहेत. चॅनल गेटसारखा घडी होऊन सरकणारा पल्ला दिसायला सोयीचा असतो, पण त्याच्या खोबणीत धूळ आणि कबुतरांची घाण साठते आणि नेमक्या वेळी तो अडकतो. संपूर्ण ग्रिल उचलून काढता येईल अशी रचनाही करतात. घाबरलेल्या माणसाच्या हातून ते खालच्या माणसांवर पडू शकते, म्हणून ती टाळावी. बिजागरीवर दारासारखा उघडणारा पल्ला सर्वांत भरवशाचा. ग्रिल काचेच्या बाहेर असल्याने तो बाहेरच्या बाजूलाच उघडावा लागतो. त्यामुळे बिजागऱ्या बाहेरून हाताला लागतात, आणि साध्या बिजागरीची खीळ वरून ठोकून काढली की पल्ला कुलपासकट निघतो. यावर उपाय सोपा आहे: बिजागरीची खीळ निघणारी नको, तिचे टोक कारखान्यातच वेल्ड करून घ्यावे. दोन फूट रुंद पल्ल्याला तीन बिजागऱ्या हव्यात. दोनच लावल्या तर वर्ष-दोन वर्षांत पल्ला मोकळ्या कडेला लोंबतो आणि कडी कोयंड्यात बसेनाशी होते.

कडीचा प्रश्न सगळ्यात नाजूक, कारण इथे चोर, मूल आणि आग या तिघांचा विचार एकाच वेळी करावा लागतो. टाळे लावले तर चोर थांबतो; पण अंधारात, धुरात किल्ली शोधावी लागते, आणि ती हमखास देवघराच्या खणात किंवा कोणाच्या तरी पर्समध्ये असते. टाळ्याऐवजी आतून सरकणारी जाड कडी लावावी आणि ती गजांमधून बाहेरून हात घालून गाठता येऊ नये म्हणून तिच्या बाहेरच्या अंगाला वीतभर रुंद पत्रा वेल्ड करावा. मुलासाठी कडी जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास वर असावी आणि ती उघडायला दोन वेगवेगळ्या हालचाली लागाव्यात, म्हणजे आधी उचलायची, मग सरकवायची. चार वर्षांच्या मुलाला हे सहसा जमत नाही, मोठ्या माणसाला अंधारात चाचपूनही जमते. तळमजल्यावर किंवा पाइप चढून येता येईल अशा खिडकीला टाळे लावायचेच असेल तर त्याची किल्ली त्याच खोलीत, खिडकीपासून हातभर अंतरावर पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला कायम लटकलेली हवी, आणि ती दुसऱ्या कोणत्याही जुडग्यात जाता कामा नये.

गजांची मांडणीही थोडी समजून घ्यावी. गज उभे असावेत. आडवे गज मुलाला शिडीसारखे वापरता येतात. दोन गजांमधली मोकळी जागा चार इंचांपेक्षा, म्हणजे १०० मि.मी.पेक्षा कमी हवी, नाहीतर लहान मुलाचे अंग निसटते आणि डोके अडकते. उभे गज फार लांब असतील तर ते फाकवता येतात, म्हणून मध्ये एखादी आडवी पट्टी लागतेच. ती पाऊण मीटर उंचीवर घेतली तर गजांनाही आधार मिळतो आणि मुलाचा पाय तिथवर सहज पोचत नाही. नक्षीच्या हौसेपोटी खालच्या भागात गोल, वेलबुट्टी, चौकोन भरणे म्हणजे चढायला पायऱ्या करून देणे.

आता एक खिडकी प्रत्यक्ष घेऊ. तिसऱ्या मजल्यावरची झोपायची खोली, खिडकी दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच, तिची खालची कड जमिनीपासून ९०० मि.मी. वर, भिंत २०० मि.मी. जाडीच्या एएसी ब्लॉकची, खिडकीच्या चारी बाजूंना ग्रॅनाइटच्या पट्ट्या. कडेची चौकट २५ बाय ५ मि.मी.च्या पट्टीची आणि उभे गज १२ मि.मी. चौकोनी घेतले, दर १०० मि.मी.ला एक, तर मोकळी जागा ८८ मि.मी. उरते आणि १४ गज लागतात. असा चौकोनी गज मीटरला सुमारे १.१३ किलो भरतो. चौकट, आडव्या पट्ट्या आणि पल्ल्याच्या दुहेरी कडा धरून सगळे वजन ३४ किलोंच्या आसपास जाते. उघडणारा पल्ला उजव्या कडेला, मोकळी जागा ६०० बाय १००० मि.मी. धरून. म्हणजे ०.६ चौरस मीटर, अमेरिकी मापापेक्षा थोडी जास्तच. त्याची खालची कड खिडकीच्या कडेपासून १०० मि.मी. वर घेतली तर जमिनीपासून ती बरोबर एक मीटरवर येते, तेही मर्यादेत. पल्ल्याचे स्वतःचे वजन नऊ-दहा किलो.

हा हिशेब गिऱ्हाइकाने स्वतः मांडलेला बरा, कारण ग्रिलचा भाव दोन रीतींनी ठरतो आणि दोन्हीत पळवाट आहे. किलोने भाव असेल तर गरज नसताना जाड पट्ट्या येतात. चौरस फुटाने असेल तर १२ चा गज गुपचूप १० चा होतो. १० मि.मी.चा चौकोनी गज मीटरला सुमारे ७८५ ग्रॅमच भरतो, म्हणजे लोखंड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. माप घ्यायला साधे कॅलिपर पुरते.

यापुढे प्लास्टरचा प्रश्न. पूर्वी घर बांधतानाच ग्रिलचे होल्डफास्ट भिंतीत रोवत आणि मग गिलावा करत, तेव्हा ती पद्धत योग्यच होती. राहत्या घरात तेच करायचे म्हणजे छिन्नीने चार-चार इंचांचे खड्डे पाडायचे, काँक्रीट भरायचे, आठवडाभर पाणी मारायचे आणि वरून नवे प्लास्टर करायचे. नव्या-जुन्या प्लास्टरच्या सांध्यावर बारीक भेग राहते, पावसाळ्यात तिथून पाणी झिरपते, आतले लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून प्लास्टर फोडत बाहेर येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरणारा तपकिरी ओघळ दिसला की आत काय चालले आहे ते कळते. राहत्या घरात म्हणून तोडफोड नको, भोके पाडून फास्टनरनेच काम करावे.

पण फास्टनरही डोळे मिटून चालत नाहीत, भिंत कशाची आहे ते आधी पाहावे लागते. खिडकीजवळ कुठेतरी लपून राहील अशा जागी बारीक ड्रिलने एक भोक पाडले की भुकटी सगळे सांगते: लाल भुकटी विटेची, करडी आणि सावकाश निघणारी काँक्रीटची, पांढरट आणि बिट लोण्यात शिरावे तसे शिरले तर एएसी ब्लॉक. काँक्रीटमध्ये लोखंडी प्रसरण पावणारा फास्टनर चांगला बसतो, फक्त सळी लागली तर जागा थोडी बदलावी. विटेच्या भिंतीत भोक विटेत यावे, सांध्यात नव्हे. एएसी ब्लॉकमध्ये मात्र तोच लोखंडी फास्टनर आवळताना ब्लॉकचा भुगा करतो. वरून घट्ट वाटतो आणि महिन्याभरात बोटाने हलतो. तिथे लांब नायलॉनच्या प्लगमधला स्क्रू, किंवा जाळीच्या नळीत रसायन भरून बसवायचा केमिकल अँकर वापरावा लागतो.

दुसरी गोष्ट लांबीची. फास्टनरची पकड मूळ भिंतीत लागते. प्लास्टर, ग्रॅनाइट आणि त्यामागचे मसाल्याचे अस्तर हे पकडीत धरायचे नसतात. वरच्या खिडकीत कानाची पट्टी ५ मि.मी., मधली फट ५, ग्रॅनाइट १८, मसाला १५ धरला तर ४३ मि.मी. आधीच संपतात. एएसी ब्लॉकमध्ये आणखी ७० मि.मी. तरी हवेत. म्हणजे ११५ मि.मी. किंवा त्याहून थोडा लांब प्लग. बहुतेक कारागिरांच्या पिशवीत दोन इंची गिट्टी आणि स्क्रू असतात. ते या भिंतीत ब्लॉकपर्यंत जेमतेम पोचतात आणि ग्रिल फक्त ग्रॅनाइट व मसाल्यावर लटकते. प्लास्टर उखडण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

तिसरी गोष्ट कडेची. भोक भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या फार जवळ असेल तर फास्टनर फुगताना कोपराच तुटून पडतो. त्यासाठी ग्रिलच्या चौकटीला खोलीच्या दिशेने आत आलेले, पन्नासेक मि.मी.चे पट्टीचे कान वेल्ड करून घेतात आणि भोके त्या कानांत असतात. यामुळे भोक बाहेरच्या कडेपासून ७५ मि.मी.च्या आसपास आत जाते, गजांच्या आड न येता ड्रिल लावता येते, आणि स्क्रू बाहेरून पटकन हाताला लागत नाहीत. स्क्रू आवळल्यावर त्यांच्या डोक्याची खाच घासून टाकली की ते सहजासहजी उलटे फिरत नाहीत.

माप घेताना खिडकीची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्णही मोजावेत, कारण बिल्डरची खिडकी कागदावर काटकोनी असते, भिंतीत नसते. सर्वांत लहान माप धरून चौकट त्याहून दहा मि.मी. लहान करावी, प्रत्येक बाजूला पाच मि.मी. फट राहील अशी. फट ठेवली म्हणजे ढिलाई झाली असे मानून अचूक मापाची चौकट हातोड्याने ठोकून बसवणारे असतात, आणि ग्रॅनाइटच्या कडा तिथेच उडतात. लोखंड उन्हाने वाढते ते मात्र थोडेच: दीड मीटरची पट्टी तीस अंशांनी तापली तर साधारण अर्धा मि.मी.; पण तेवढ्याला जागा नसेल तर तो दाब शेवटी प्लास्टरवर येतो.

वेल्डिंग सगळे कारखान्यात व्हावे, जागेवर फक्त स्क्रू आवळावेत. खिडकीत वेल्डिंग केले की ठिणग्या काचेत रुततात आणि ते ठिपके कधीच निघत नाहीत; ग्रॅनाइटवर काळे डाग पडतात, पडदे पेट घेऊ शकतात. ग्रिलला दोन्ही अंगांनी प्रायमर लावलेलाच आणावा. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे साध्या लोखंडावर जस्ताचा मुलामा केलेला परवडतो.

बसवण्याच्या दिवशी काचेचे पल्ले खोबणीतून काढून ठेवायचे, ग्रिल कडेने तिरके करून बाहेर घ्यायचे आणि ते पूर्ण आवळेपर्यंत दोराने आत बांधून ठेवायचे. खाली कोणी उभे राहणार नाही याची सोय करायची आणि बाहेर झुकणाऱ्या कारागिराला सुरक्षेचा पट्टा द्यायचा; ही दोन कामे न सांगता होत नाहीत. ग्रिल लाकडी पाचरांवर उभे करून लेव्हल आणि ओळंब्यात आणायचे, कानांतल्या भोकांच्या खुणा करायच्या आणि ग्रिल थोडे बाजूला करून भोके पाडायची. खुणेवर चिकटपट्टी लावली तर रंग आणि पुट्टीचा कपचा उडत नाही. ग्रॅनाइटमधून भोक हिऱ्याच्या कणांच्या बिटने, हॅमर बंद ठेवून, पाणी शिंपडत पाडायचे. पुढे एएसी ब्लॉकमध्येही हॅमर बंदच. भोकातली भुकटी फुंकून काढली नाही तर प्लग धुळीवर बसतो आणि पुढे फिरत राहतो.

या खिडकीला प्रत्येक उभ्या बाजूला तीन आणि वर दोन, अशी आठ ठिकाणे पुरतात. खालच्या कडेत भोक पाडू नये. पावसाचे पाणी तिथेच साचते, आणि खिडकीखालच्या भिंतीत ओल येते ती बहुतेक वेळा अशाच भोकांतून. खाली रबराच्या तुकड्यांवर चौकट टेकवून ठेवावी. शेवटी चारी बाजूंची फट आणि स्क्रूंची डोकी बाहेरून चांगल्या सिलिकॉनने बंद करावीत, खाली मात्र पाणी वाहून जाईल एवढी जागा सोडावी.

काम नीट झाले की नाही ते त्याच दिवशी कळते. ग्रिल मधोमध धरून पूर्ण ताकदीने आत-बाहेर हलवून पाहावे. स्क्रूभोवती केसासारखी गोल भेग दिसली, भुकटी गळली किंवा कर्र असा आवाज आला तर ती जागा पकड धरत नाही. तिथे प्लग बदलून लांब घ्यावा, आणखी आवळून उपयोग नाही. मग पल्ला. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाने दिवा बंद करून, एका हाताने तो उघडून पाहावा. जमले नाही तर कडी चुकली आहे, माणूस नाही.

जुने घट्ट ग्रिल असलेल्यांना सगळे बदलायची गरज नसते. तेच ग्रिल उतरवून कारखान्यात नेले आणि एका कडेचे गज कापून त्यांना दुहेरी कडा व बिजागऱ्या जोडल्या तर पल्ला होतो. मूळ फास्टनरची भोके धड असतील तर तीच पुन्हा वापरता येतात. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. बाहेरून दिसणारा आकार बदलत नसेल तर ती मिळायला सहसा अडचण येत नाही.

बसवून झाल्यावर पल्ला निकामी होतो तो बहुधा तीन कारणांनी. रंगकाम करताना बिजागरी आणि कडीवर रंग बसून दोन्ही चिकटतात. पल्ल्यासमोर कुंड्या किंवा कपडे वाळवायची दोरी येते. किंवा पावसाळ्यात बिजागरी गंजून धरते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या साफसफाईत पल्ला पूर्ण उघडून बिजागऱ्यांना आणि कडीला तेल द्यावे. रंगकाम झाले असेल तर रंग वाळण्यापूर्वीच तो एकदा उघडून पाहावा.